मदत हवी आहे: साउंडबारवर यूट्यूबचा आवाज येतो, सिनेमाचा येत नाही

मांजराकाठ (लातूर): नवा साउंडबार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या, आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय पोर्टला जोडलाय. यूट्यूब छान वाजतं, सेट-टॉप बॉक्सच्या बातम्याही ऐकू येतात. पण ओटीटीवर सिनेमा लावला की चित्र चालू, आवाज गुल. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठीच बार घेतला. काय बघू?

गोदाकाठचा (नांदेड): केबल खराब आहे ताई. ४८ जीबीपीएसवाली महागडी आणा, एआरसीला तीच लागते.

जालना_वायरमन: थांबा ताई, पैसे घालवू नका. एआरसी साध्या चांगल्या एचडीएमआय केबलवरही चालतं. शिवाय केबल किंवा पोर्ट चुकला असता तर यूट्यूबही मुकं राहिलं असतं. टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढवला की बारवरचा आकडा हलतो का?

मांजराकाठ: हो, हलतो.

जालना_वायरमन: म्हणजे दोघांची ओळख पटलेली आहे, अडचण आवाजाच्या फॉरमॅटची दिसते. सिनेमाचा आवाज बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो. टीव्ही तो जसाच्या तसा पुढे ढकलतो आणि स्वस्तातल्या बारला तो उलगडता येत नाही, म्हणून बार गप्प. यूट्यूबचा साधा स्टिरिओ त्याला कळतो. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये `Digital Audio Output` असं काहीतरी असेल. तिथे `Auto` किंवा `Pass Through` असेल तर आधी `Dolby Digital` करून बघा. तरी गप्प राहिला तर `PCM`, म्हणजे टीव्हीनेच उलगडून दिलेला साधा आवाज. पीसीएमवर आवाज येईलच, पण एआरसीवरून दोनच चॅनल मिळतील, मागच्या स्पीकरचा वेगळा आवाज जाईल. संवाद ऐकायला तेवढं पुरतं.

परभणीकर: माझं उलटंच आहे राव. लाइट जाऊन आली की बार पूर्ण मुका, यूट्यूबसकट. मीही पीसीएम करू का?

जालना_वायरमन: तुमचं दुखणं वेगळं आहे भाऊ. टीव्ही इन्व्हर्टरवर आणि बार थेट लाइनवर आहे का? तसं असेल तर लाइट गेली की एकटा बार बंद पडतो, आणि परत आल्यावर टीव्ही त्याला ओळखत नाही. दोन्हींचे प्लग काढा, नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. दोनेक मिनिटांनी परत लावा. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू आहे का आणि आवाज स्वतःच्या स्पीकरवर तर गेला नाही ना, ते बघा. पुढे दोन्ही एकाच इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या.

गोदाकाठचा (नांदेड): पण ईएआरसी, म्हणजे सुधारित एआरसीला तर भारी केबल लागतेच ना?

जालना_वायरमन: तिथेही इथरनेटवाली हाय स्पीड केबल चालते. ४८ जीबीपीएस चित्रासाठी.

मांजराकाठ: `Dolby Digital` वर आवाज आला! सासूबाईंनी लगेच मालिका मागे नेऊन परत लावायला सांगितली. फक्त ओठ आधी हलतात, आवाज किंचित मागून येतो.

जालना_वायरमन: आता `PCM` वर तोच प्रसंग लावून बघा. मागे पडणं कमी झालं तर तेच ठेवा. बारमध्येही ऑडिओ डिले असेल तर तो शून्यावर आणा.

परभणीकर: बार थेट लाइनवरच आहे. आमच्याकडे आत्ता लाइट नाही, आल्यावर प्लग काढून बघतो.