मदत हवी आहे: स्प्रे वाढला की ड्रम लेव्हल वर जाते, थ्री-एलिमेंट लूपमध्ये स्प्रे फ्लो वजा करावा का?

साखर कारखान्याचा बगॅसवर चालणारा ७० टन प्रति तास क्षमतेचा बॉयलर आहे. थ्री-एलिमेंट कंट्रोल कॅस्केडमध्ये आहे: लेव्हल कंट्रोलरच्या आउटपुटमध्ये स्टीम फ्लो मिळवून फीडवॉटर फ्लो कंट्रोलरला सेटपॉइंट जातो.

अडचण डीसुपरहीटर स्प्रेची आहे. स्प्रेचं पाणी फीडवॉटर फ्लोमीटरच्या आधीच निघतं, पण स्टीम फ्लो सुपरहीटरनंतर मोजला जातो. त्यामुळे ते पाणी स्टीममध्ये मोजलं जातं, फीडवॉटरमध्ये नाही. स्टीम ६५ टनांवर स्थिर असताना स्प्रे २ वरून ५ टन झाला, तर ड्रममधून ६३ ऐवजी ६० टनच वाफ निघते. फीडवॉटर मात्र आधीइतकंच राहतं आणि लेव्हल साधारण ५० मिमी वर जाते. इंटिग्रल ती हळूहळू खाली आणतो.

लेव्हल ट्रान्समीटर गेज ग्लासशी जुळतात, प्रेशर कॉम्पेन्सेशन चालू आहे. लेव्हलचा गेन वाढवून पाहिला, पण टर्बाइनचा लोड वाढताना स्वेलमुळे लेव्हल फुगते आणि कंट्रोलर नेमका तेव्हाच पाणी तोडतो. म्हणून गेन परत कमी केला.

सीझन चालू असल्याने टॅपिंग हलवता येत नाही. स्प्रेला ओरिफिस मीटर आहे, पण दीड टनाखाली त्याचं रीडिंग नाचतं. स्टीम फ्लोमधून स्प्रे फ्लो थेट वजा केला तर फिल्टर किती सेकंदांचा ठेवावा, आणि दीड टनाखाली वजाबाकी बंद करावी की शेवटचं रीडिंग धरून ठेवावं?