महिनाभर घर बंद राहणार, फ्रीज कसा ठेवू?

कोथरूडची_काकू: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं महिनाभर बंगळुरूला मुलीकडे जातोय. फ्रीज डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री. रिकामा करून बंद करायचा आहे. पावसात आमच्या घरात इतकी ओल असते की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पुसून दार लावून घेतलं तर चालेल का? नवीन काही घ्यायचं नाही, फार तर दोनशे रुपये खर्च करीन.

बाणेर_बी_विंग: आमचा नवीन इन्व्हर्टर फ्रीज आहे, त्यात सुट्टीचं बटण येतं. ते दाबून आम्ही महिनाभर गेलो, बिलात काही कळलंसुद्धा नाही. जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाका.

सिंहगडरोड७८: दार अजिबात लावू नका! आमच्या शेजाऱ्यांनी पुसून घट्ट लावलं होतं. परत आले तर रबराच्या घड्यांत काळे ठिपके आणि भाजीच्या ट्रेखाली हिरवी लव. वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

नाना_सदाशिव: दार लावा, पण आत वर्तमानपत्राचे बोळे आणि कोळसा ठेवा. माझी आई असंच करायची. आणि निघण्याआधी सुरीने बर्फ खरवडून काढा, लवकर निघतो.

हडपसर_दुरुस्ती: नाना, सुरी नको. सिंगल डोअरमध्ये बर्फाच्या कप्प्यातच गॅसची नळी असते, तिला भोक पडलेले फ्रीज माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात. कोळसा वास ओढतो, पण ओल राहिली तर बुरशी थांबत नाही.

काकू, तुमच्या फ्रीजमध्ये बर्फ दिसत नाही, पण तो असतो. फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड कॉइल असते आणि तिच्यावर बर्फ धरतो. फ्रीज चालू असताना आतला हीटर तो अधूनमधून वितळवतो, पाणी नळीतून मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या गरमीने वाळून जातं. तुम्ही प्लग काढलात की उरलेला बर्फ एकदम वितळतो, पण आता ट्रे तापवायला काही नसतं. पाणी तिथेच साचतं. म्हणून आज बंद केला, पुसला आणि तासाभरात निघालो, असं करू नका. पॅनेलआडून पाणी नंतर उतरतच राहतं.

निघायच्या दोन दिवस आधी बंद करा, दोन्ही दारं सताड उघडी ठेवा. दुसऱ्या दिवशी मागचा ट्रे बघा. काही मॉडेलमध्ये तो बाहेर निघतो, काहींत स्क्रूने बसवलेला असतो, तेव्हा स्पंजने टिपून घ्या. काही तासांनी परत बघा. पाणी पुन्हा दिसलं तर बर्फ अजून संपलेला नाही.

सिंहगडरोड७८: तेच म्हणतोय मी, दार उघडं ठेवा.

डॉक्टरांची_सून: त्या ट्रेकडे खरंच लक्ष द्या. डेंगीचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात, आठ-दहा दिवसांत डास तयार. आमच्या सोसायटीत तपासणीला आलेल्या माणसाने फ्रीजमागेच अळ्या दाखवल्या होत्या.

कोथरूडची_काकू: मागे ट्रे असतो हेच माहीत नव्हतं! धुवायचं कशाने? आणि दार किती उघडं ठेवायचं?

हडपसर_दुरुस्ती: लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा. कप्पे, ट्रे, अंड्यांचा स्टँड सगळं बाहेर काढून धुवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवू नका. रबराची घडी बोटाने उघडून साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासा आणि कोरड्या फडक्याने टिपा. बुरशी तिथूनच सुरू होते. मग पंखा समोर लावा. निघताना घडीत टिश्यू फिरवून पाहा, ओला झाला तर अजून वेळ द्या.

दार चार बोटं उघडं. टॉवेलची गुंडाळी करून वरच्या कोपऱ्यात अडकवा आणि हँडलला सुतळी बांधा, नाहीतर दार आपोआप मिटतं. फ्रीजरचं दारसुद्धा.

वारज्याचा_मी: उघड्या दारातून झुरळं शिरतात त्याचं काय? मी फ्रीज चालूच ठेवतो.

हडपसर_दुरुस्ती: फटीवर जुन्या ओढणीचा तुकडा चिकटपट्टीने लावा, हवा खेळते. चालू ठेवायचा तर लाईट बराच वेळ गेली की आतलं खराब होतं, आणि घरात बघायला कोणी नसतं.

बाणेर_बी_विंग: आमच्याकडे जनरेटर आहे.

नाना_सदाशिव: लोणच्याचं काय करणार ते सांगा आधी.

कोथरूडची_काकू: लोणच्यावर तेल भरपूर आहे, बरणी बाहेर राहील. बाकी सगळं जाऊबाईंकडे. दोन दिवस आधी बंद करणं मात्र जमणार नाही, यांना रोज इन्सुलिन लागतं. आदल्या दिवशी सकाळी बंद करते, इन्सुलिन थर्मासमध्ये ठेवीन. ओढणी लावत नाही, माझा पदर अडकतो तिथे येताजाता. ट्रे रात्री आणि सकाळी दोनदा टिपून घेते.

डॉक्टरांची_सून: इन्सुलिन बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं तर वापरता येत नाही.

सिंहगडरोड७८: आणि दार उघडं ठेवा.