अभ्यासवर्गाच्या पत्रकाबद्दल आपल्या ग्रुपवरील चर्चा

निवृत्त बाई, पहिला मजला (सकाळी ९:१०)
सर्वांना नमस्कार. गच्चीवर सायंकाळी अभ्यासाला बसणाऱ्या मुलांच्या पालकांना द्यायच्या पत्रकाचा मसुदा मी तयार करीत आहे. यांतील बहुतेक पालक बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात मागावर काम करतात, काही जणी भाजी विकतात, आणि अनेकांची शाळा दुसरी-तिसरीतच सुटलेली आहे. ‘मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष द्या’ हे वाक्य मी मसुद्यातून काढून टाकले आहे, कारण ज्याला वहीतले वाचता येत नाही त्याने लक्ष द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी एकच उदाहरण सविस्तर द्यावे, असे मला वाटते.

चौथीतल्या एका मुलाच्या वहीत ४०२ वजा १७८ हे गणित होते आणि त्याने उत्तर ३७६ लिहिले होते. दोनातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठातून दोन काढले, शून्यातून सात जात नाहीत म्हणून सात तसेच खाली उतरवले आणि चारातून एक वजा केला. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढण्याची ही चूक अगदी नेहमीची आहे. मुलाला वजाबाकी येत नाही असे नाही. हातचा कशासाठी घ्यायचा, हे त्याला उमगलेले नाही.

घरी त्याच्या थोरल्या बहिणीने ते उत्तर खोडून २२४ लिहून दिले. शाळेत वही तपासताना सगळे बरोबर दिसले, त्यामुळे याला हातचा समजला आहे असे धरून वर्ग पुढे भागाकाराकडे गेला. भागाकारात दर पायरीला वजाबाकी करावी लागते, म्हणून तिथे त्याचे प्रत्येक गणित चुकू लागले आणि दोष भागाकाराचा आहे असे सर्वांना वाटले.

यंत्रमागवाले काका, तळमजला (९:४२)
बाई, बहिणीचे चुकलेच. पण आईवडिलांना जर अंकच नीट वाचता येत नसतील, तर ३७६ चूक आहे हे त्यांना कळणार तरी कसे?

निवृत्त बाई (९:५५)
त्याच्या आईला ते कळले, आणि तेही वही न पाहता. ती बाजारात भाजी विकते. मी तिला तोंडी विचारले की, चारशे दोन रुपयांतले एकशे अठ्ठ्याहत्तर दिले तर साधारण किती राहतील? तिने क्षणभरही न थांबता सांगितले, ‘चारशेतले पावणेदोनशे गेले की सव्वादोनशे.’ म्हणजे उत्तर सव्वादोनशेच्या आसपास यायला हवे आणि मुलाचे पावणेचारशेच्या घरात गेले आहे, हे तिला लगेच दिसले. पत्रकात मला नेमके हेच लिहायचे आहे: मुलाला गणित मोठ्याने वाचायला सांगावे, ते रुपयांत मांडावे, मनाशी अंदाज करावा आणि तो अंदाज मुलाला न सांगता त्यालाच विचारावे, ‘चारशेतले जवळजवळ दोनशे दिल्यावर एवढे पैसे उरतील का?’ ‘चुकलास’ असे म्हणू नये आणि बरोबर आकडाही सांगू नये.

काकू, दुसरा मजला (१०:२०)
समजा, मुलाने चूक मान्य केली, पण ती दुरुस्त कशी करायची हे त्याला सुचत नाही. तिथे आपल्याकडून हमखास उत्तर सांगितले जाते. मी स्वतः माझ्या मुलांच्या वेळी पेन्सिल हातात घेऊन मोकळी होत असे.

यंत्रमागवाले काका (१०:३१)
तिथे सुट्ट्या पैशांचा उपयोग होईल असे वाटते. आठवड्याचा पगार वाटताना आम्ही हेच करीत असतो.

निवृत्त बाई (१०:४८)
काकांची सूचना मी तशीच घेते. शंभराच्या चार नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी मुलापुढे ठेवावीत. घरी नसल्यास नोटांसाठी कागदाचे तुकडे आणि नाण्यांसाठी चिंचोके चालतील. मग पालकाने गिऱ्हाईक होऊन एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये मागावेत. आठ नाणी द्यायची आहेत आणि जवळ दोनच आहेत. दहाची तर एकही नोट नाही. मूल इथे अडते, आणि ते अडायलाच हवे. पालकाने तेव्हा गप्प बसावे; शंभर आकडे मोजून होईपर्यंत काहीही बोलू नये. तरीही सुचले नाही तर एवढेच विचारावे, ‘दुकानात सुटे नसले की आपण काय करतो?’ शंभराची एक नोट मोडली की दहाच्या दहा नोटा येतात आणि त्यांतली एक मोडली की दहा नाणी येतात. आता त्याच्याजवळ शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि बारा नाणी झाली. त्यांतून एक, सात आणि आठ दिले की दोन, दोन आणि चार उरतात. नोटा मुलानेच मोडायच्या आणि पेन्सिलही त्याच्याच हातात राहायची. शून्यावर नऊ का लिहितात, हे त्या आईच्या मुलाला या नऊ नोटा मोजतानाच समजले.

वहिनी, तिसरा मजला (११:१५)
गणिताचे पटले. पण आमच्या खानापूरकडची मुले मराठी शाळेत असली, तरी कन्नडही शिकतात आणि त्यांच्या आईला कन्नड लिपी मुळीच येत नाही. मुलगी धडा घडाघडा म्हणते आणि आई समाधानाने भाकऱ्या थापते. ती वाचते आहे की पाठ म्हणते आहे, हे ओळखायचे कसे?

निवृत्त बाई (११:४०)
ओळीच्या मधल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवावे, त्याच्या अलीकडचे शब्द तळहाताने झाकावेत आणि ‘एवढाच वाच’ म्हणावे. पाठ केलेले मूल ओळीच्या सुरुवातीपासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत येते. वाचणारे मूल सरळ तो शब्द म्हणते. त्यानंतर त्याचा अर्थ मराठीत विचारावा आणि ‘हाच शब्द या पानावर आणखी कुठे आहे?’ असे विचारावे. लिपी येत नसली तरी दोन आकार सारखे आहेत की नाहीत, हे आईच्या डोळ्यांना कळते. मात्र याने उच्चार किंवा शुद्धलेखन तपासता येत नाही, आणि गणितातही पैशांची युक्ती अपूर्णांकांना पुरत नाही. म्हणून जे घरी सुटले नाही, त्याभोवती मुलाने स्वतः पेन्सिलने गोल करावा आणि ते तसेच शाळेत न्यावे. एकाच प्रकारच्या गणिताला आठवड्यात तीन-चार गोल दिसले, तर पालकाने वही घेऊन सरांना भेटावे. मी शिकवीत असताना अशी अर्धवट वही मला सुबक वहीपेक्षा अधिक उपयोगी पडत असे.

काकू, दुसरा मजला (१२:०५)
एक शंका आहे. ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांना हे पत्रक वाचून कोण दाखवणार? मूलच ना? मग उत्तर सांगू नये हे वाक्य ते सोयीने गाळेल.

निवृत्त बाई (१२:२०)
हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. छापील कागदावर फक्त तीन चित्रे ठेवू: मोडलेली शंभराची नोट, शब्दावर ठेवलेले बोट आणि गणिताभोवतीचा गोल. बाकीचे सर्व काकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पालकांच्या फोनवर पाठवू.

यंत्रमागवाले काका (१२:३४)
मी तयार आहे. फक्त रात्री आठनंतर करावे लागेल, कारण माग चालू असताना माझा मलाच आवाज ऐकू येत नाही. वहिनींनी तेच कन्नडमध्येही सांगावे, म्हणजे शाळेच्या एसडीएमसी या पालक-समितीच्या पुढच्या बैठकीत दोन्ही ऐकवता येईल.

वहिनी, तिसरा मजला (१२:४१)
चालेल, पण ‘पावणेदोनशे’ला कन्नडमध्ये काय म्हणायचे, ते आधी आमच्या दूधवाल्यांना विचारून घेते.