मदत हवी आहे: लॅबमधली बुजरी मुलगी नेमकी कुठली चूक पकडेल?

मलप्रभाकाठ: कथा अडकलीय. बेळगावचं नर्सिंग कॉलेज, खानापूरकडची मराठी शाळेतली मुलगी, वर्षभर वर्गात गप्प. स्किल लॅबमध्ये मॅडम इन्सुलिन भरून दाखवताना चुकीची सिरिंज घेतात आणि ही पहिल्यांदा तोंड उघडते. बहीण नर्स आहे, ती म्हणते यात चूकच नाही. परवा कथा पाठवायचीय, लवकर सांगा.

निपाणीकर: सिरिंज कुठली, बाटली कुठली? सगळं मनातच ठेवलंय की.

मलप्रभाकाठ: लाल टोपणाची सिरिंज, 20 यूनिट. बाटली इन्सुलिनची, आणि कुठली असणार?

औषधवाला: चुकीच्या सिरिंजनं डोस कमी पडतो. 20 चे 8 होतात. दुकानात रोज सांगतो गिऱ्हाइकांना.

ट्यूटरबाई: औषधवाले, ते 40 ची, म्हणजे मिलीला 40 यूनिटची बाटली आणि 100 च्या बाटलीसाठीची नारिंगी टोपणाची सिरिंज असेल तर. इथं उलटं आहे. लाल टोपण 40 च्या बाटलीसाठीच असतं, म्हणून बहिणीला चूक दिसली नाही. मॅडमच्या हातात 100 ची बाटली द्या. लाल सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत अर्धा मिली येतं, आणि त्या बाटलीतल्या अर्ध्या मिलीत 50 यूनिट असतात. साखर इतकी उतरू शकते की पेशंट बेशुद्ध पडेल. गंमत म्हणजे शेजारची सिस्टर तपासायला आली तरी तिला रेघ 20 चीच दिसते, ती होय म्हणून मोकळी.

सीमेवरचा: आता पेन आलेत हो, सिरिंज कोण वापरतंय?

ट्यूटरबाई: खेड्यात जाऊन बघा.

मलप्रभाकाठ: मग मुलगी आजीला घरी हीच इंजेक्शनं देते असं करतो. लाल टोपण आणि 40 ची बाटली ही जोडी तिच्या हातातली.

ट्यूटरबाई: चालेल. पण लॅबमध्ये आम्ही रिकाम्या बाटल्यांत पाणी भरतो. मॅडम म्हणतील, "पाणीच आहे गं, पुढं चल." ती तिथं गप्प बसते की नाही, ते लिहा.

निपाणीकर: बोलणार कुठल्या भाषेत? मॅडम कन्नड असतील तर इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत तास संपेल. "मॅडम, बाटली नूरु, सिरिंज नलवत्तु." बास.

सीमेवरचा: मराठी पोरगी मराठीतच बोलणार. कथेत तरी बोलू द्या!

निपाणीकर: बाजारात आकडे कन्नडातच बोलतो आपण, तेव्हा कुठं जातो बाणा?

गृहिणी_चिकोडी: सासऱ्यांची उपाशीपोटी साखर 180 आलीय. चहा बंद करावा का?

ट्यूटरबाई: ताई, डॉक्टरांना दाखवा, आणि इन्सुलिन चालू असेल तर बाटलीवरचा आकडा आज बघा.

मलप्रभाकाठ: नूरु-नलवत्तु घेतलं. पण मॅडम चिडतात की सिरिंज खाली ठेवतात?

औषधवाला: चिडतात. मीही आत्ता चिडलोच की.