साहेबांसाठी सारांश: वाक्यं छोटी केली की झालं?

पीएमओ_नवखा: आठवड्याचा स्टेटस रिपोर्ट दीड पानाचा होतो आणि वरून ओरडा बसतो. उपाय सोपा आहे. सगळे मुद्दे तसेच ठेवा, प्रत्येकाचं एक वाक्य करा, डोक्यावर टक्के आणि हिरवा, पिवळा, लाल यातला एक रंग टाका. पाच मिनिटांत सारांश तयार. यात एवढं डोकं लावण्यासारखं काय आहे?

हिशेबनीस: हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. नमुना घ्या. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरवरून नव्यावर जायचंय, तारीख 1 ऑक्टोबर. शुक्रवार, 5 सप्टेंबर 2025 चा रिपोर्ट असा आहे:

> ग्राहक मास्टरचं क्लीनिंग वेगात चालू असून 18,400 पैकी 87 टक्के पूर्ण. टेस्ट सर्व्हर बुधवारी मिळाला, पासवर्डची अडचण होती, ती सुटली. ट्रेनिंगच्या दोन बॅचेस झाल्या, नाशिकची पुढच्या आठवड्यात. उरलेल्या 2,300 ग्राहकांचे जीएसटी नंबर आणि पिनकोड तपासायला दोन जण लावलेत, प्रत्येकाचे रोज साधारण 60 होतात. ते संपलं की रंगीत तालमीला चार दिवस. एकूण वेळापत्रकानुसार.

तुमच्या पद्धतीने याचं काय होईल? क्लीनिंग 87 टक्के, सर्व्हर मिळाला, ट्रेनिंग चालू, तालीम बाकी, रंग हिरवा. साहेब वाचतील, बरं म्हणतील आणि पुढच्या मेलवर जातील.

आता तेच आकडे मांडून बघा. दोघांचे मिळून रोज 120, म्हणजे 2,300 ला वीस कामाचे दिवस. सोमवार 8 तारखेपासून 30 सप्टेंबरपर्यंत शनिवार-रविवार सोडून सतराच दिवस आहेत. 2 ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, म्हणजे काम 6 ऑक्टोबरला संपणार. तालीम 7 ते 10. चालू व्हायला सोमवार, 13 ऑक्टोबर. हे सगळं त्या रिपोर्टमध्येच पडलेलं होतं, फक्त ते एकत्र कुणी वाचलं नाही. मी पाठवेन ते असं:

> सध्याच्या माणसांवर 1 ऑक्टोबर गाठता येत नाही. 2,300 ग्राहकांची दुरुस्ती 6 ऑक्टोबरपर्यंत चालेल, त्यानंतर चार दिवसांची तालीम.
> 15 सप्टेंबरपासून अकाउंट्सचे आणखी दोन जण आठ दिवस मिळाले तर तारीख टिकते.
> निर्णय हवा: फायनान्स प्रमुखांकडून, गुरुवार 11 सप्टेंबरपर्यंत. नाहीतर 1 नोव्हेंबर.

सर्व्हर, पासवर्ड, ट्रेनिंग सगळं गेलं, कारण त्यावर वरच्यांनी काहीच करायचं नाही.

चाकण_लाइन_टू: आमच्याकडे उलटं आहे. तीन ओळी पाठवल्या की साहेब फोन करून विचारतात, प्रेसचं फाउंडेशन किती दिवस क्युअर झालं, अँकर बोल्ट कुठल्या ग्रेडचे. मग छोटं करून काय उपयोग? शिवाय एका रिपोर्टमध्ये दोन लाइन आणि सहा एजन्सी असतात.

हिशेबनीस: ते साहेब साइटचे असणार, इथे प्रश्न वेगळा आहे. तरी तुमच्याकडेही सारांश वर आणि दीड पानाचा मूळ रिपोर्ट खाली जोडून देता येतो. ज्याला बोल्टची ग्रेड हवी तो खाली जाईल.

लाल_पिवळा_हिरवा: 87 टक्क्यांबद्दल मान्य. सोपे ग्राहक आधी उरकतात, अवघड मागे राहतात, त्यामुळे टक्केवारी नेहमी खरी परिस्थिती लपवते. पण तुम्ही रंगच काढून टाकलात! वरचे आधी रंग बघतात. इथे सरळ पिवळा द्यायचा, कारण तारीख अजून वाचवता येते. लाल दिला की आढावा बैठक लागते आणि टीमचे दोन दिवस स्लाइड करण्यात जातात.

हिशेबनीस: पिवळा चूक आहे. प्रोजेक्ट मॅनेजर स्वतःच्या अधिकारात सावरू शकतो तेव्हा पिवळा. इथे माणसं दुसऱ्या खात्याची लागतात, ती त्याच्या हातात नाहीत. वरून मदत लागणार असेल तर रंग लाल.

लाल_पिवळा_हिरवा: ही तुमच्या कंपनीची व्याख्या. बऱ्याच ठिकाणी रंग तारखेच्या घसरणीवर ठरतो, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत पिवळा, पुढे लाल. 1 चं 13 झालं तर बारा दिवस. पिवळाच.

हिशेबनीस: म्हणजे कुणालाही न हलवता तारीख घसरू द्यायची आणि रंग मात्र शांत ठेवायचा. पिवळा तीन आठवडे पिवळाच राहतो आणि चौथ्या आठवड्यात एकदम लाल होतो, हे याच व्याख्येमुळे. तेव्हा 11 सप्टेंबर उलटून गेलेला असतो आणि माणसं मिळून उपयोग नसतो.

लाल_पिवळा_हिरवा: आणि दर आठवड्याला लाल पाठवणाऱ्याकडे चौथ्या आठवड्यात कुणी बघत नाही, हेही लिहा की.

जीएसटीवाली: रंगाचं भांडण बाजूला ठेवा, कारण सारांशात त्याहून मोठी चूक आहे. "नाहीतर 1 नोव्हेंबर" हे कुठून आलं? तुमच्याच हिशोबाने 13 ऑक्टोबर येतो.

हिशेबनीस: महिन्याच्या मध्यात बदललं तर ऑक्टोबरचा जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचा रिटर्न, दोन सिस्टिममधून जुळवावा लागेल, आणि तो 11 नोव्हेंबरपर्यंत भरायचा असतो. म्हणून पुढच्या महिन्याची पहिली तारीख.

जीएसटीवाली: जुळवणं कटकटीचं आहे, अशक्य नाही. नियमात एकाहून जास्त बिल मालिका चालतात. नव्या सिस्टिमला वेगळा प्रीफिक्स द्या, नंबर सोळा अक्षरांत बसवा, झालं. मध्यात बदलायचं की महिनाभर थांबायचं हे फायनान्स प्रमुखांनी ठरवायचं. तुम्ही तुमचं मत वस्तुस्थितीसारखं लिहून त्यांचा एक पर्याय परस्पर काढून घेतलात. छोटं करताना हेच सगळ्यात जास्त बिघडतं, आणि वाचणाऱ्याला ते कळतही नाही, कारण मूळ रिपोर्ट तो उघडत नाही.

दुसरं, चुकल्यास काय होईल ते तुम्ही लिहिलंच नाही. रद्द झालेला जीएसटी नंबर असेल किंवा पिनकोड राज्याशी जुळत नसेल तर ई-इन्व्हॉइस पोर्टल बिल परत पाठवतं, बिलाचा पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, म्हणजे आयआरएन, मिळत नाही आणि माल गेटवर उभा राहतो. नाहीतर कुणीतरी वरून म्हणेलच, "2,300 राहिले तर राहू देत, चालू करा."

हिशेबनीस: 1 नोव्हेंबरबद्दल तुमचं म्हणणं मानावं लागेल, मनाविरुद्ध. शेवटची ओळ बदलतो: "नाही मिळाले तर लवकरात लवकर 13 ऑक्टोबर, महिन्याच्या मध्यात बदल नको असेल तर 1 नोव्हेंबर." आणि पहिल्या ओळीनंतर: "दुरुस्तीशिवाय चालू केल्यास या ग्राहकांची बिलं अडकतील." एवढ्यावर थांबतो, पाचवी ओळ घालणार नाही.

जीएसटीवाली: "अडकतील" नको, "अडकू शकतात" लिहा. 2,300 तपासायचे आहेत, सगळे चुकीचे निघालेले नाहीत. आणि तो रोज 60 चा वेग कुठल्या दिवसांचा आहे ते पाठवण्याआधी विचारा. पहिल्या आठवड्याचा असेल तर आता ग्राहकाला फोन करूनच नंबर मिळणारे उरलेत, वेग 40 वर येईल. मागच्या तीन दिवसांचा आकडा घ्या. 40 निघाला तर चार जण घेऊनही 30 सप्टेंबर उजाडतो आणि तालमीला एकही दिवस उरत नाही, म्हणजे तुमची मागणीच बदलते.

पीएमओ_नवखा: म्हणजे पाच मिनिटांत होत नाही, ठीक आहे. पण रिपोर्ट लिहिणाऱ्याने "वेळापत्रकानुसार" लिहिलं असताना मी त्याच्या डोक्यावरून "गाठता येत नाही" पाठवायचं? सोमवारी मला त्याच्याच शेजारी बसायचंय.

हिशेबनीस: आधी त्याला फोन करून सतरा आणि वीस हे दोन आकडे सांगायचे. तो मोजेल. हिशोब चुकला असेल तर तिथेच कळेल, नसेल तर सारांश त्याच्याच नावाने जाऊ दे.

लाल_पिवळा_हिरवा: आणि रंग?

हिशेबनीस: लाल.

लाल_पिवळा_हिरवा: पिवळा. 11 तारखेला उत्तर आलं नाही तर त्या संध्याकाळी लाल करा, माझी हरकत नाही.