मदत हवी आहे: महिन्याचा किराणा भरणारे ग्राहक 'सुटलेले' दिसताहेत

सिडको, इंदिरानगर आणि पंचवटीत आमची किराणा दुकानं आहेत. लॉयल्टी कार्डाच्या बिलांवरून प्रत्येक ग्राहकाला तीन गुण देतो, 1 ते 5: शेवटची खरेदी कधी, किती वेळा, किती रुपयांची. पहिला गुण घसरला की सवलतीचा मेसेज.

गोची इथेच आहे. एक काकू पगार झाला की महिन्याचं सामान एकदाच भरतात, साधारण 6,000 रुपयांचं. 26व्या दिवशी त्यांना 1 गुण, लगेच सवलत! त्या चार दिवसांत तशाही येणारच होत्या. एक दिवसाआड दूध-ब्रेड नेणारा मुलगा मात्र 9 दिवस फिरकला नाही, तरी 3 गुण राखून.

म्हणून हे दिवस ज्याच्या-त्याच्या नेहमीच्या अंतराने भागून पाहिले. काकू 26/30, म्हणजे 0.87, मुलगा 9/2, म्हणजे 4.5. हे पटतं. पण ज्यांची बिलंच तीन-चार आहेत, त्यांचं नेहमीचं अंतर कसं धरायचं? आणि सवलत कितीच्या पुढे पाठवता, 2 की 3? काही जणांना मुद्दाम सवलत न देता तुलना करावी म्हणतोय. दुकानदारांना ते कसं पटवलंत?