प्रतिसाद: स्ट्राइक आहे का, ते आधी पाहा

> "व्हिडिओ दिसेनासा झाला. काउंटर नोटीस दिली, दहा दिवस झाले. पुढे काय?"

व्हिडिओ बंद दिसणं हा कॉपीराइट स्ट्राइकचा पुरावा नव्हे. यूट्यूबवर कंटेंट आयडी क्लेम, म्हणजे यूट्यूबच्या यंत्रणेने आपोआप जुळणी शोधून लावलेला कॉपीराइट दावासुद्धा व्हिडिओ ब्लॉक करू शकतो. स्टुडिओत Content मध्ये त्या व्हिडिओच्या Restrictions रकान्यातल्या Copyright वर कर्सर नेऊन See details उघडा. नुसता क्लेम असेल तर स्ट्राइक नसतो आणि काउंटर नोटीसही लागू होत नाही. तिथे डिस्प्यूट करायचा. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात.

दावेदाराच्या औपचारिक कॉपीराइट नोटिशीने व्हिडिओ काढला असेल, तर दावेदाराला कोर्टात गेल्याचा पुरावा देण्यासाठी अमेरिकेतले 10 कामकाजाचे दिवस असतात, शनिवार-रविवार वगळून. तेही तुम्ही काउंटर नोटिशीचा फॉर्म भरल्यापासून नव्हे, तर यूट्यूबने तो तपासून दावेदाराकडे धाडल्यापासून. म्हणून काउंटर नोटीस पुढे पाठवल्याची ईमेल शोधा, स्पॅममध्येही. ती नसेल तर मोजणी सुरूच झालेली नाही; बहुधा फॉर्म तपासणीत आहे किंवा अपुरा म्हणून परत आलाय.